लग्नाआधीची ग्रहशांती: काय असते, किती असते आणि गुरुजींचं म्हणणं कसं तपासायचं

तुळशीचं लग्न झालं की गावोगावी याद्या सुरू होतात, आणि पत्रिका बघायला गेलं की बऱ्याच घरांत एक शब्द ऐकू येतो, "शांती करावी लागेल." कोणाला मंगळ निघतो, कोणाला कालसर्प. मग दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आकडा सांगितला जातो. घरात मुलीचं लग्न म्हटल्यावर कोणी जास्त प्रश्न विचारत नाही. सोयाबीनचे आलेले पैसे तिकडे जातात, नाहीतर हातउसने घेतले जातात.

पूजा करायची की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यात पडायचं नाही. पण पूजेत नक्की काय करतात आणि सांगितलेला दोष खरंच पत्रिकेत आहे का, हे शेतकऱ्यालाही तपासता येतं. कसं ते खाली दिलं आहे.

आधी एक फरक समजून घ्या

ग्रहशांती या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे लग्नाआधीचा ग्रहमख. याला ग्रहयज्ञ किंवा नुसतं 'ग्रहमक' असंही म्हणतात. ज्यांच्या घरात ही रीत आहे ते पत्रिका चांगली असली तरी करतात, मुलाकडे वेगळा आणि मुलीकडे वेगळा. त्याचा दोषाशी संबंध नाही.

दुसरी म्हणजे दोषाची शांती. पत्रिकेत अमुक ग्रह अमुक जागी आहे म्हणून त्या एका ग्रहाचा जप, होम आणि दान. ही सगळ्यांना लागत नाही.

गोंधळ इथेच होतो. नेहमीच्या ग्रहमखात नऊही ग्रहांची पूजा आणि आहुती असतेच, त्यात मंगळही येतो. काही ठिकाणी तोच ग्रहमख 'मंगळदोष शांती' म्हणून वाढीव पैशात विकला जातो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, "गुरुजी, हा ग्रहमख आहे की दोषाची वेगळी शांती? वेगळी असेल तर ग्रहमखापेक्षा जास्तीचं काय करणार?"

ग्रहमखात काय काय होतं

लग्नाच्या दिवशी सकाळी किंवा एक-दोन दिवस आधी आईवडील आणि नवरा किंवा नवरी पाटावर बसतात. सुरुवात संकल्पाने होते. त्यात यजमानाचं नाव, गोत्र आणि पूजा कशासाठी हे म्हटलं जातं. हा भाग कान देऊन ऐका. ज्या कामाचे पैसे दिले त्याचं नाव संकल्पात यायला हवं.

मग गणपती पूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध. नांदीश्राद्ध म्हणजे पितरांना लग्नाचं आमंत्रण. श्राद्ध शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही, हे शुभकार्यातलंच आहे. याचा एक व्यवहारी उपयोग जुनी माणसं सांगतात. नांदीश्राद्ध झाल्यावर भावकीत सोयर किंवा सुतक आलं तरी लग्न थांबवावं लागत नाही. लग्नासाठी ते दहा दिवस आधीपर्यंत करून ठेवता येतं. भावकीत कोणी आजारी असेल तर गुरुजींना हे जरूर विचारा. याच वेळी घरोघरच्या चालीप्रमाणे देवकही बसतं.

नंतर चौरंगावर कापड टाकून तांदळाच्या नऊ राशी घालतात आणि त्यावर सुपाऱ्या मांडतात. मधोमध सूर्य, पूर्वेला शुक्र, दक्षिणेला मंगळ, पश्चिमेला शनी, उत्तरेला गुरू, आणि चार कोपऱ्यांत चंद्र, बुध, राहू, केतू.

शेवटी होम. प्रत्येक ग्रहाची समिधा वेगळी असते, आणि त्या बहुतेक आपल्या बांधावरच मिळतात. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दुर्वा आणि केतूला दर्भ. वीतभर लांबीच्या काड्या तोडून आठ दिवस आधी वाळवून ठेवल्या तर पुड्या विकत आणायचा खर्च वाचतो. रुई तोडताना मात्र तिचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, डोळा वाईट सुजतो.

समिधांबरोबर तूप आणि चरू, म्हणजे शिजवलेला भात, यांच्याही आहुत्या असतात. मग बळी म्हणून भात आणि उडदाचा दाणा ठेवतात, पूर्णाहुती होते आणि कलशातल्या पाण्याने घरच्यांवर अभिषेक करतात. सगळं मिळून दोन ते तीन तास लागतात.

आहुतीचं गणित

इथे आपल्याला मोजता येण्यासारखी एक गोष्ट आहे. प्रत्येक ग्रहाला ८, २८ किंवा १०८ आहुत्या द्यायची पद्धत आहे. लग्नघरात वेळ कमी म्हणून बहुधा ८ च देतात, आणि त्याही रीतीला धरूनच आहेत.

८ प्रमाणे नऊ ग्रहांच्या ७२ काड्या होतात. २८ प्रमाणे २५२ आणि १०८ प्रमाणे ९७२. एका आहुतीला पाच सेकंद धरले तरी ९७२ आहुत्यांना एका गुरुजींना सव्वा तासाच्या वर लागतो. तीन गुरुजी वाटून घेत असतील तर अर्धा तास. म्हणजे '१०८ प्रमाणे मोठा होम' म्हणून जास्त दक्षिणा ठरली आणि कुंडाशेजारी दोन मुठी काड्या, एकच गुरुजी, वीस मिनिटांत पूर्णाहुती, असं दिसलं तर ठरलेलं काम झालेलं नाही.

जपाचंही तसंच. मंगळाची जपसंख्या १०,००० धरतात. अगदी छोटा नाममंत्र तीन सेकंदात म्हटला तरी १०,००० जपाला आठ तासांहून जास्त लागतात. वेदातला मोठा मंत्र असेल तर एका माणसाचे तीन-चार दिवस जातात. म्हणून जपाचे पैसे मागितले तर दोनच गोष्टी विचारायच्या, मंत्र कोणता आणि किती गुरुजी किती दिवस बसणार. खरं काम करणारा माणूस या प्रश्नावर चिडत नाही, तो लगेच हिशोब सांगतो.

मंगळ आहे म्हणजे काय

पत्रिकेत बारा घरं असतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की 'मंगळ आहे' म्हणतात. बारापैकी पाच घरं. म्हणजे शंभर पत्रिका काढल्या तर चाळीसच्या आसपास पत्रिकांत मंगळ निघणारच. काही जण चंद्राच्या राशीपासूनही घरं मोजतात, मग हा आकडा अजून वाढतो. गावातली निम्मी जोडपी या हिशोबात बसतात आणि त्यांचे संसार आपल्या डोळ्यांसमोर चालू आहेत.

त्यामुळे ज्योतिषातच याला सूट देणारे नियम आहेत. मंगळ मेष किंवा वृश्चिक या स्वतःच्या राशीत असेल, मकर या उच्च राशीत असेल, त्याच्यावर गुरूची दृष्टी असेल किंवा मुलगा-मुलगी दोघांनाही मंगळ असेल, तर दोष धरत नाहीत किंवा सौम्य धरतात. नुसतं 'मंगळ आहे' एवढं सांगून सूट न बघणारा माणूस अर्धंच सांगतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही घरं मोजली जातात लग्नराशीपासून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत होती तिच्यापासून. ही रास साधारण दर दोन तासांनी बदलते. म्हणजे जन्मवेळ चुकली की घर चुकलं, आणि घर चुकलं की दोषही चुकला.

आमच्याच घरातलं उदाहरण

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं गेल्या साली जमलं. मुलगा चांगला, देण्याघेण्याची बोलणीही झाली. एका जाणकार म्हणवणाऱ्याने पत्रिका बघून सांगितलं, मुलीला सातव्या घरात कडक मंगळ आहे, वर कालसर्पही आहे, आठ दिवसांत शांती केली नाही तर नवऱ्याच्या जिवाला धोका. एकूण ३१,००० रुपये, जागा ते ठरवणार, साहित्य तेच आणणार. ही गोष्ट मुलाकडच्यांच्या कानावर गेली आणि त्यांचा फोन येणं बंद झालं. वहिनी दोन दिवस जेवली नाही.

मी भावाला विचारलं, "पत्रिका कोणत्या वेळेवरून काढली?" तो म्हणाला, "आई सांगायची, सकाळी साडेआठच्या सुमारास झाली, गुरं सोडायच्या वेळेला." मुलीचा जन्म मे २००१ च्या शेवटचा, तालुक्याच्या दवाखान्यातला. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. म्हणून जुनी ट्रंक उघडली. त्यात दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर वेळ होती सकाळी १० वाजून ५ मिनिटं.

मोबाईलवर पत्रिकेचं फुकटचं ॲप घेतलं, जन्माचं ठिकाण टाकलं, अयनांश लाहिरी ठेवला आणि दोन्ही वेळांची पत्रिका काढली. साडेआठला लग्नरास मिथुन आली. मंगळ धनू राशीत. मिथुनेपासून मोजलं तर धनू सातवी, म्हणजे मंगळ सातव्या घरात. तो माणूस त्याच्या हिशोबाने खोटं बोलत नव्हता. पण १० वाजून ५ मिनिटांना लग्नरास कर्क आली. त्या दिवसांत नऊच्या सुमारासच रास बदलत होती. कर्केपासून धनू सहावी, आणि सहावं घर मंगळदोषाच्या पाच घरांत नाही. मुलीची रास सिंह. तिथून मोजलं तरी मंगळ पाचवा, तिथेही दोष नाही.

कालसर्पाचं तर वेळेशीही काही देणंघेणं नव्हतं. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर असतात. बाकीचे सातही ग्रह त्यांच्या एकाच बाजूला आले तरच कालसर्प म्हणतात. एक जरी दुसऱ्या बाजूला गेला तर योग होत नाही. या पत्रिकेत राहू मिथुनेत आणि केतू धनूत. रवी, गुरू आणि शनी वृषभेत एका बाजूला, तर चंद्र सिंहेत दुसऱ्या बाजूला. म्हणजे कालसर्प कोणत्याच वेळेला नव्हता. तो सरळ वर चिकटवलेला होता.

आम्ही दोन्ही पत्रिका आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन गावातल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेलो. ते बघून म्हणाले, "कार्डाची वेळ धरा. शांती लागत नाही. ग्रहमख तुमच्यात करतात तेवढा करा." मुलाकडच्यांना घरी बोलावून गुरुजींसमोरच कागद दाखवले. मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला कोणी समजावून सांगितलंच नव्हतं." लग्न ठरल्या तारखेला झालं. ग्रहमखाला दोन गुरुजी होते, ८ प्रमाणे आहुत्या झाल्या, दक्षिणा ५,१०० गेली आणि समिधा आम्ही शेतातून आणल्या.

आता कार्डावरची वेळ साडेआठचीच निघाली असती तर? तर मंगळ सातवा धरला गेला असता. मग सूट आहे का, मुलाच्या पत्रिकेत मंगळ आहे का, हे बघितलं असतं, आणि भावाची श्रद्धा आहे म्हणून झेपेल तेवढी शांती त्याने केलीही असती. पण आठ दिवसांची घाई आणि जिवाची भीती तेव्हाही खोटीच ठरली असती.

स्वतः पत्रिका कशी बघायची

आपल्याकडच्या चौकोनी पत्रिकेत वरचं मधलं घर हे पहिलं. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. घरात लिहिलेला आकडा हा राशीचा असतो, घराचा नाही. १ म्हणजे मेष, २ वृषभ, असं १२ मीनपर्यंत. बरेच जण या आकड्यालाच घर समजतात आणि विनाकारण घाबरतात. 'मं' कुठे आहे ते शोधा आणि वरच्या घरापासून मोजा. एवढं पुरतं.

जन्मवेळ डिस्चार्ज कार्डावर, केसपेपरवर किंवा दवाखान्याच्या प्रसूती नोंदवहीत मिळते. घरी जन्म झाला असेल आणि वेळ अंदाजाची असेल तर अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे धरून पत्रिका काढा. लग्नरास बदलत असेल तर मंगळ 'आहे' किंवा 'नाही' असं छातीठोक कोणीच सांगू शकत नाही.

कोणत्या बोलण्यावर सावध व्हायचं

पहिलं, मरणाची भीती. 'नवरा जाईल', 'सासरा टिकणार नाही' असं सांगून लगेच पैशाचा आकडा सांगणं. जुने गुरुजी दोष सांगतात तेव्हा त्यातली सूटही सांगतात.

दुसरं, घाई आणि गुप्तता. 'आजच ठरवा', 'दुसऱ्या कोणाला पत्रिका दाखवू नका.' पत्रिका काही बदलणार नाही, आठ दिवसांनीही तीच राहते. दुसऱ्याला दाखवायला हरकत घेतली तिथेच ओळखायचं.

तिसरं, खात्री. 'शंभर टक्के दोष जातो.' पूजेची अशी हमी कोणी देऊ शकत नाही. भविष्य किती खरं ठरतं याची एक चाचणी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या गटाने २००८ मध्ये घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली उत्तरं शंभरात ४६ च्या आसपास होती, म्हणजे नाणं उडवून मिळतील तेवढीसुद्धा नाहीत.

चौथं, वाढत जाणारं बिल. आधी मंगळ, मग कालसर्प, मग खडा, मग 'पूजेत विघ्न आलं, परत करावी लागेल.' म्हणून आधीच कागदावर लिहून घ्या: कोणती पूजा, किती गुरुजी, किती आहुत्या किंवा जप, साहित्य कोण आणणार आणि दक्षिणेसह एकूण किती. पैसे शक्यतो फोनवरून द्या म्हणजे नोंद राहते. सगळी रक्कम आधी देऊ नका.

कायदा काय म्हणतो

हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या घरच्या चालीप्रमाणे विधी झाले की लग्न होतं. त्यात पत्रिका जुळण्याची किंवा ग्रहशांतीची अट नाही. ज्यांच्यात ग्रहमख करत नाहीत, किंवा जे सत्यशोधक पद्धतीने लग्न लावतात, त्यांच्या लग्नाला काही कमीपणा येत नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ज्योतिषाचा सल्ला हा गुन्हा धरलेला नाही. नुसती पत्रिका बघून शांती सांगितली म्हणून या कायद्याखाली तक्रार टिकत नाही. पण चमत्कार दाखवून पैसे उकळणं किंवा करणी-भानामती काढतो म्हणून मारहाण, छळ करणं, हे त्यात येतं आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूजा करतो म्हणून पैसे घेऊन केलीच नाही, तर ती साधी फसवणूक आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. तेव्हा तो लिहिलेला कागद आणि फोनवरच्या पैशाची नोंद कामाला येते.

यंदा घरात लग्न असेल तर पत्रिका दाखवायला जाण्याआधी एक काम करा. मुलीचं किंवा मुलाचं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि वेळ तपासा. आमच्याकडे ३१,००० रुपये आणि एक सोयरीक त्या एका पिवळ्या पडलेल्या कागदाने वाचली.